दोन पोत्यांना आणि तीन पोत्यांना एकच भाडं कसं?

खानापूर तालुक्यात तांदळाचे एक व्यापारी आहेत. नात्यानं ते माझे कुणी नाहीत, पण बाजारात सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. आपल्याकडची जी घरं पुण्याला आणि ठाण्याला जाऊन राहिली, त्यांना इथलाच तांदूळ लागतो. मामा तो 25 किलोच्या पोत्यांत भरून बेळगावच्या एका पार्सल ऑफिसातून पाठवतात. कुणाचं एक पोतं, कुणाची दोन, सणावाराला चार, आणि एखाद्या सोसायटीनं मिळून मागवलं तर दहा.

मी इथल्या दुकानांना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना बिलाचे प्रोग्रॅम करून देतो. एके दिवशी मामा बिल्ट्यांची फाईल घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, "बाळ, मला एवढंच सांग. दोन पोत्यांना चारशे साठ रुपये आणि तीन पोत्यांनाही चारशे साठच. मग तिसरं पोतं फुकट जातंय, की दुसऱ्याचे जास्त घेताहेत?"

पार्सल ऑफिसात त्यांनी हे विचारलं होतं. "स्लॅब आहे मामा, स्लॅबमध्ये असंच असतंय," असं उत्तर मिळालं. ते उत्तर अर्धं खरं होतं, म्हणूनच कुणी पुढं खोदलं नाही. मामांचा प्रश्न मात्र नेमका होता आणि त्याचं उत्तर एका चिन्हात होतं. प्रोग्रॅममध्ये `>` हवं होतं तिथं `>=` बसलं होतं.

आधी दरपत्रक बघू. खरे आकडे सुटे होते, इथं हिशेब डोक्यात करता यावा म्हणून मी ते गोल केलेत. 25 किलोपर्यंत 150 रुपये. 25 च्या वर 50 पर्यंत 260. 50 च्या वर 100 पर्यंत 460. 100 च्या वर 200 पर्यंत 840. आणि 200 च्या वर गेलं की 840 अधिक, वरच्या प्रत्येक 10 किलोला किंवा त्याच्या भागाला 40 रुपये.

आता दोन पोती म्हणजे बरोबर 50 किलो. "50 पर्यंत" म्हटलं की 50 त्यात आलंच. सहा वाजेपर्यंत दुकान उघडं आहे म्हटल्यावर सहाच्या ठोक्याला आलेल्या माणसाला कुणी परत पाठवत नाही. म्हणजे दोन पोत्यांचं भाडं 260 व्हायला हवं. बिलावर 460 होतं. पोत्यांच्या हिशेबानं सगळं मांडलं की चित्र असं दिसतं:

| पोती | वजन | पत्रकाप्रमाणे | बिलात |
|---|---|---|---|
| 1 | 25 | 150 | 260 |
| 2 | 50 | 260 | 460 |
| 3 | 75 | 460 | 460 |
| 4 | 100 | 460 | 840 |
| 5 | 125 | 840 | 840 |

तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत काहीच चूक नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत एकेक पायरी वरचं भाडं लागलंय. आणि कारकुनाचं उत्तर अर्धं खरं का होतं तेही इथंच दिसतं. स्लॅबच्या पद्धतीत कुठल्यातरी दोन शेजारच्या पोत्यांना एकच भाडं येणारच. फक्त बरोबर हिशेबात 460 ची ती जोडी तीन आणि चार पोत्यांची असते, चुकीच्या हिशेबात दोन आणि तीनची झाली. नुसतं "दोघांना सारखं भाडं" एवढ्यावरून चूक पकडता येत नव्हती. कुठल्या दोघांना, हे बघावं लागत होतं.

प्रोग्रॅमच्या आत हे असं लिहिलेलं होतं:

```
fare = 150
if w >= 25:  fare = 260
if w >= 50:  fare = 460
if w >= 100: fare = 840
```

`w` म्हणजे वजन, `fare` म्हणजे भाडं. `>=` या चिन्हाचा अर्थ "पेक्षा जास्त किंवा तेवढंच". 50 किलो आलं की दुसरी अट "50 किंवा त्याहून जास्त आहे का?" असं विचारते, उत्तर "हो" येतं आणि भाडं 460 होतं. दरपत्रकाला विचारायचं होतं "50 च्या वर आहे का?" त्याचं चिन्ह नुसतं `>`. मग 50 ला उत्तर "नाही" येतं आणि 260 तसंच राहतं. 49.9 किलोला दोन्ही चिन्हं 260 देतात, 50.1 किलोला दोन्ही 460 देतात. अख्ख्या वजनरेषेवर फरक पडतो तो फक्त त्या एका बिंदूवर, बरोबर 50 वर.

इथं पुष्कळ शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात की बरोबर 50 किलो कितीदा येणार? एकच बिंदू तर आहे. हा समज मला सगळ्यात महागात पडणारा वाटतो. झाडावरून पडणाऱ्या आंब्यांची वजनं घेतली तर बरोबर 200 ग्रॅमचा आंबा क्वचितच सापडेल. बाजारातला माल मात्र झाडावरून पडत नाही, तो माणसं मोजून भरतात आणि गोल आकड्यांतच भरतात. साखरेचं पोतं 50 चं, सिमेंटची बॅग 50 ची, तांदळाचं पोतं 25 चं. उद्यमबागेतल्या फौंड्रीतून निघणाऱ्या कास्टिंगच्या पेट्यासुद्धा गिऱ्हाईक 50 किंवा 100 च्या हिशेबात भरून मागतं, कारण त्यांनीही तेच दरपत्रक वाचलेलं असतं. "50 पर्यंत 260" असं लिहिलं असेल तर शहाणा माणूस 50 पर्यंतच भरणार. म्हणजे दरपत्रक स्वतःच माल सीमेवर ओढून आणतं. ज्या एका बिंदूवर प्रोग्रॅम चुकतो, तिथंच सगळ्यात जास्त बिल्ट्या साचलेल्या असतात.

असं माल ओढणं किती पक्कं असतं याचा अनुभव आपल्याला 2022 मध्ये आलाय. 18 जुलै 2022 पासून छापील पॅकिंगच्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागला, पण 25 किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या पॅकवर. 25 च्या वरच्या पॅकला तो नव्हता. त्यानंतर बाजारात 26 किलोची पोती दिसू लागली. तिथं "25 सकट" हे नियमात स्पष्ट होतं म्हणून लोकांनी एक किलो वाढवून सीमा ओलांडली. मामांनी मात्र 25 चं पोतं ठेवलं, कारण ते सुटा तांदूळ घरच्या साध्या पोत्यात भरतात.

एक रास्त शंका इथं येते. पोत्याचंही वजन असतं ना? प्लास्टिकचं विणलेलं पोतं शंभरेक ग्रॅम भरतं. काट्यावर ठेवलं तर 50.2 येईल आणि मग 460 रास्तच ठरेल. शंका बरोबर आहे, आणि ज्या ऑफिसात प्रत्येक नग काट्यावर चढतो तिथं ती लागूही पडते. या ऑफिसात तसं नव्हतं. बिल्टीवर कारकून मालाचा प्रकार आणि पोत्यांची संख्या भरायचा, वजन प्रोग्रॅम आपोआप धरायचा, पोत्याला 25. गिऱ्हाईक आणि ऑफिस यांच्यात तसंच ठरलेलं होतं. म्हणून दर वेळी आकडा तंतोतंत 50 च यायचा. आणि काट्यावर चढलं तरी सुटका होत नाही, कारण काटाही अखंड आकडे दाखवत नाही. तीनशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा 50 किंवा 100 ग्रॅमच्या टप्प्यानं आकडा दाखवतो. 49.98 किंवा 50.02 अशी खरी वजनं त्याच्या पडद्यावर 50.00 होऊनच उतरतात.

ही चूक नेमकी शिरली कुठून, हे शोधायला मला एक संध्याकाळ लागली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाशी बोललो. त्यानं दरपत्रकावरून लिहिलंच नव्हतं. त्याच्या आधी ऑफिसात एक्सेलचा कागद चालायचा आणि त्यानं त्याचे आकडे जुळवून घेतले होते. तो कागद असा होता:

```
0     150
25    260
50    460
100   840

=VLOOKUP(A2,$F$2:$G$5,2,TRUE)
```

`VLOOKUP` ला शेवटी `TRUE` दिलं की ते यादीत वजनाएवढा किंवा वजनापेक्षा लहान असलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधतं. वजन 37 असेल तर 25 सापडतो आणि 260 मिळतात, बरोबर. वजन 50 असेल तर यादीत 50 आहेच, तोच सापडतो आणि 460 मिळतात. म्हणजे या सूत्राच्या पोटातच `>=` बसलेलं आहे. कागद बनवणाऱ्यानं कुठंही चिन्ह लिहिलं नाही, तरी निर्णय झाला. एक्सेलमध्ये प्रत्येक स्लॅबची सुरुवात लिहायची सवय आपल्याला असते आणि पत्रकात मात्र स्लॅबचा शेवट लिहिलेला असतो, "पर्यंत" असा. सुरुवात धरली की सीमेवरचा आकडा वरच्या स्लॅबकडं जातो, शेवट धरला की खालच्या. मला वाटतं, भाड्याच्या हिशेबातल्या अशा पुष्कळ चुकांचं मूळ या एका सवयीत आहे.

एक्सेलच वापरायचं असेल तर यादीत शेवट लिहा, म्हणजे 25, 50, 100, 200 आणि समोर 150, 260, 460, 840. मग हे सूत्र कुठल्याही जुन्या एक्सेलमध्ये चालतं:

```
=INDEX($G$2:$G$5,COUNTIF($F$2:$F$5,"<"&A2)+1)
```

वजनापेक्षा लहान असलेल्या किती मर्यादा पार झाल्या ते हे मोजतं आणि पुढच्या ओळीचं भाडं देतं. 50 ला फक्त 25 पार झालेली असते, म्हणून दुसरी ओळ, 260. 50.1 ला 25 आणि 50 दोन्ही पार, म्हणून तिसरी ओळ, 460. 200 च्या वरचा हिशेब या यादीत बसत नाही, तो वेगळा करावा लागतो.

काही ऑफिसांत दुसरी तोड काढलेली बघितली आहे. यादीत 50 च्या जागी 51 लिहितात, म्हणजे 50 खालीच राहतो. त्यानं मामांसारख्यांचं काम होतं, पण 50.6 किलोची पेटीही 260 मध्ये जाते आणि आता ऑफिसचे पैसे बुडतात. दरपत्रकातच "26 ते 50, 51 ते 100" असं छापलं असेल तर 50 आणि 51 च्या मधल्या वजनाला घरच नसतं. आधी पूर्ण किलोवर चढवून घेण्याचा नियम असेल तर असं पत्रक चालतं, पण मग तो नियम पत्रकात लिहिलेला असावा आणि तुलना त्या चढवलेल्या वजनाशी व्हावी, काट्यावरच्या नाही.

शब्दांकडं थोडं थांबून बघायला हवं, कारण आपल्या भागात पाटी दोन-तीन भाषांत असते. या ऑफिसाच्या भिंतीवर मराठीत "50 किलोपर्यंत" होतं. कन्नडमध्ये "वरेगे" होतं, त्याचाही अर्थ "पर्यंत"च. इंग्रजी ओळीत मात्र नुसते आकडे होते, 25-50 आणि पुढच्या ओळीत 50-100. दोन्ही ओळींत 50 आहे. मराठी आणि कन्नड वाचणाऱ्याला उत्तर मिळत होतं, आकडे वाचणाऱ्याला मिळत नव्हतं, आणि संगणकाकडं जाताना आकडेच गेले. आपल्या बोलण्यातलं "पन्नासच्या आत" हेही असंच अर्धवट आहे. कुणी त्यात पन्नास धरतो, कुणी धरत नाही. "पर्यंत" आणि "च्या वर" ही जोडी निःसंदिग्ध आहे, तसंच "च्या खाली" आणि "पासून पुढे" ही जोडीही. पहिल्या जोडीत सीमा खालच्या स्लॅबची, दुसरीत वरच्या स्लॅबची. घोटाळा होतो तो एका जोडीतला एक आणि दुसरीतला एक उचलला की.

दुसऱ्या जोडीचं उदाहरण सांबऱ्याच्या विमानतळावरून माल पाठवणाऱ्यांना ठाऊक असेल. विमानाच्या मालाला किलोमागं दर असतो आणि वजन वाढलं की दर उतरतो. तिथं 45 किलोची एक नेहमीची सीमा आहे, "45 च्या खाली" एक दर आणि "45 पासून पुढे" कमी दर. म्हणजे तिथं `>=` च बरोबर. समजा खालचा दर 60 रुपये आणि वरचा 50. 45 किलोला 2250 व्हायला हवेत, `>` लिहिलं तर 2700 होतील. पण तिथं एक जुनी रीत ही चूक झाकून टाकते. 43 किलोचा माल असेल तर 43 गुणिले 60 म्हणजे 2580 घेत नाहीत, तो 45 किलो धरून 2250 घेतात, दोन्हीत जे कमी ते. असं "कमी ते घ्या" प्रोग्रॅममध्ये असलं की बरोबर 45 ला चिन्ह कुठलंही असो, 2250 च येतात. म्हणून विमानाचं बिल करणारा माणूस ट्रकच्या बिलाकडं आला की आपल्या सवयीचं `>=` घेऊन येतो, आणि इथं त्याला सांभाळून घेणारी रीत नसते.

आणि काही ठिकाणी या चिन्हानं काहीच बिघडत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर लोक सगळीकडं शोधत बसतील. आयकराचे टप्पे घ्या. एका टप्प्याच्या वर गेलेल्या तेवढ्याच रकमेवर पुढचा दर लागतो, सगळ्या उत्पन्नावर नाही. बरोबर सीमेवर असलेल्या माणसाची वर गेलेली रक्कम शून्य, म्हणून पुढचा दर कितीही असला तरी त्याचा गुणाकार शून्य. तिथं रस्ता चढणीचा आहे, पायरी नाही. भाड्याच्या स्लॅबमध्ये पायरी आहे, एका ग्रॅमनं सगळं भाडं 260 वरून 460 वर उडी मारतं. कर्नाटकात घरोघरी ठाऊक असलेली अशी पायरी म्हणजे गृहज्योतीची मोफत वीज, वापर 200 युनिटच्या वर गेला की सवलत जाते आणि सगळ्या युनिटांचं बिल येतं. जिथं अशी उडी आहे तिथंच चिन्ह तपासायचं.

मामांच्या फाईलमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. दहा पोत्यांची दोन बिलं होती, 1080 रुपयांची. 250 किलो म्हणजे 200 च्या वर 50 किलो, दहा-दहाचे पाच भाग, पाच गुणिले 40 म्हणजे 200. एकूण 1040 यायला हवे होते. चाळीस जास्त. इथं `>=` कुठं दिसत नव्हतं, तरी चूक त्याच घराण्यातली होती:

```
parts = int((w - 200) / 10) + 1
fare = 840 + parts * 40
```

"किंवा त्याच्या भागाला" हे साधायला लिहिणाऱ्यानं भागाकार करून अपूर्णांक तोडला आणि एक मिळवला. 225 किलोला 2.5 येतात, तोडून 2, अधिक 1 म्हणजे 3, बरोबर. पण 250 ला पूर्ण 5 येतात, तोडायला काही नाही, आणि तरी 1 मिळवला जातो, 6. उरलेला भाग शून्य असला तरी त्याचे पैसे लागतात. 25 च्या पोत्यांत याचा नमुना असा दिसतो की नऊ आणि अकरा पोत्यांचं बिल बरोबर येतं, दहा आणि बाराचं चुकतं. विषम बरोबर आणि सम चूक असा ताल बिलांत दिसला की मी सरळ हा `+ 1` शोधायला जातो.

दुरुस्ती करताना मी वजन किलोत ठेवलं नाही, ग्रॅममध्ये पूर्णांक केलं. कारण संगणक दशांश आकडे आपल्यासारखे धरत नाही. 1.1 आणि 2.2 ची बेरीज त्याच्या लेखी 3.3000000000000003 होते, म्हणजे "3.3 च्या वर आहे का?" याला तो "हो" म्हणतो. सुट्या नगांची वजनं बेरीज करून सीमेवर येणारी बिल्टी असेल तर चिन्ह बरोबर असूनही उडी चुकते. ग्रॅममध्ये हा प्रश्न उरत नाही. आता ते असं आहे:

```
if   g <= 25000:  fare = 150
elif g <= 50000:  fare = 260
elif g <= 100000: fare = 460
elif g <= 200000: fare = 840
else:
    parts = (g - 200000 + 9999) // 10000
    fare = 840 + parts * 40
```

`<=` म्हणजे "तेवढंच किंवा कमी", म्हणजेच आपलं "पर्यंत". ओळ मोठ्यानं वाचली की दरपत्रकाची ओळ ऐकू येते आणि मला ते हवं होतं. उद्या दुसऱ्या कुणी हे उघडलं तर भिंतीवरची पाटी आणि पडदा शेजारी ठेवून जुळवता यावं. `//` म्हणजे भागून अपूर्णांक टाकणं. आधी 9999 मिळवल्यामुळं एक ग्रॅमही वर असला तर पुढचा भाग धरला जातो, आणि बरोबर 50 किलो वर असतील तर पाचच राहतात.

तपासणी छोटी होती, पण ती नेमक्या जागी केली. पूर्वीच्या चाचणीत 10, 40, 80, 150 अशी वजनं घातलेली होती, सगळी स्लॅबच्या मधली. मधल्या वजनांनी ही चूक जन्मात सापडत नाही, तिथं दोन्ही चिन्हं एकच उत्तर देतात. मी प्रत्येक सीमेला तीन वजनं घातली: एक ग्रॅम कमी, बरोबर तेवढं, एक ग्रॅम जास्त. 50 साठी 49999, 50000, 50001. उत्तरं 260, 260, 460 यायला हवीत. मधलं उत्तर डावीकडच्याशी जुळतं की उजवीकडच्याशी, एवढंच बघायचं. उत्तरं मी प्रोग्रॅमवरून नाही, कारकुनाला पाटीसमोर उभं करून त्याच्याकडून लिहून घेतली. त्यानं 50 समोर न अडखळता 260 लिहिलं. इतकी वर्षं त्याला विचारलं असतं तर त्यानं तेच सांगितलं असतं.

मग जुनी बिलं. ती सगळी चाळायची गरज नव्हती. चूक फक्त सीमेवर होती, म्हणून तेवढीच काढली:

```
SELECT lr_no, weight, fare FROM bills
WHERE weight IN (25, 50, 100)
   OR (weight >= 200 AND weight % 10 = 0);
```

`lr_no` म्हणजे बिल्टीचा नंबर. इथं `>= 200` मुद्दाम आहे. बरोबर 200 किलोच्या, आठ पोत्यांच्या बिलातही जुन्या प्रोग्रॅमनं एक भाग जास्त धरून 840 ऐवजी 880 लावले होते आणि ती बिलं सुटू द्यायची नव्हती.

मामांच्या तीन महिन्यांच्या फाईलमध्ये एका पोत्याची 5 बिलं होती, प्रत्येकी 110 जास्त. दोन पोत्यांची 14, प्रत्येकी 200 जास्त. चार पोत्यांची 6, प्रत्येकी 380. दहा पोत्यांची 2, प्रत्येकी 40. बेरीज 550, 2800, 2280 आणि 80, म्हणजे 5710 रुपये. तीन पोत्यांची 9 बिलं होती, त्यात एका रुपयाचाही फरक नव्हता. मामांनी बोटानं ती नऊ बिलं बाजूला सरकवली आणि म्हणाले, "म्हंजे दुसऱ्याचेच जास्त घेत होते की."

ऑफिसच्या मालकांनी आकडा बघून वाद घातला नाही. जुनी बिलं संगणकात खोडून नवी करू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मात्र मी नको म्हटलं. जे बिल गिऱ्हाईकाच्या हातात गेलंय, त्याच्या प्रतीत आणि ऑफिसच्या नोंदीत फरक पडता कामा नये. प्रत्येक चुकलेल्या बिल्टीचा नंबर लिहून क्रेडिट नोट काढली आणि ती रक्कम मामांच्या पुढच्या पार्सलांतून वळती झाली. बाकीच्या गिऱ्हाइकांची यादी त्याच चौकशीतून निघाली, त्यांना ऑफिसनं फोन केले. भिंतीवरच्या इंग्रजी ओळीतल्या 25-50 आणि 50-100 वर रंग मारला गेला आणि तिथंही आता "पर्यंत" आणि "च्या वर" या अर्थाचे शब्द आहेत. त्याच आठवड्यात मामांची दोन पोती ठाण्याला गेली, बिल्टीवर 260 रुपये.